आधी आपल्या चपला

आमच्या घरात एकदा एका आयतीवरून भांडण झालं. भांडण होतं वारशाचं, पण आयत वारशाची नव्हती. ती चपलांची होती.

नानांचं मोमिनपुऱ्यात एक जुनं घर होतं. नानी आधीच गेल्या होत्या. नाना गेले तेव्हा मागे तिघं उरली: अम्मी, तिच्या पाठची खाला आणि सर्वांत धाकटे मामू. हिशेब सोपा होता. सूरह निसाच्या अकराव्या आयतीप्रमाणे मुलाला दोन मुलींइतका वाटा. म्हणजे घराचे चार भाग करायचे, दोन मामूंचे, एक अम्मीचा, एक खालाचा. नानांच्या चाळिसाव्यानंतर सगळे बसले असताना खालाने हळूच विषय काढला. मामू तेव्हा एका बाबांच्या बैठकीत नियमाने जात. ते हसले आणि म्हणाले, "आपा, तूर टेकडीवर मूसांना काय सांगितलं होतं? चपला काढ. या चपला म्हणजे काय ठाऊक आहे? दुनिया आणि तिचा मोह. तुम्ही दोघी अजून चपला घालूनच बसला आहात."

मला हे फार आवडलं. हे कबूल करायला आज लाज वाटते, पण कबूल केल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. मी शाळेत मराठी शिकवतो. शब्दामागचा शब्द दिसला की माझा जीव हरखतो. मामूंनी रोख सोडून एकदम उंचीवरची गोष्ट केली असं मला वाटलं आणि मी अम्मीला म्हणालो, "खरंय ना अम्मी, त्या पडक्या घरात काय ठेवलंय?"

अम्मी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मामूंना एवढंच म्हणाली, "मूसांनी आपल्या काढल्या होत्या. पहले अपनी जूती उतार."

बैठक तिथेच मोडली. मामू रागाने उठले. अम्मीने वाद जिंकला हे कळत होतं, पण कशाच्या जोरावर जिंकला ते मला सांगता येत नव्हतं. मामूंनी सांगितलेला अर्थ काही त्यांच्या पदरचा नव्हता. असं कुठेतरी मोठ्या लोकांनी लिहिलेलं आहे हे मलाही ऐकून ठाऊक होतं. मग तो अर्थ चूक होता का? की अर्थ बरोबर होता आणि दुसरंच काही चुकलं होतं?

नागपूरच्या माणसाला शब्दाआडचा अर्थ शोधायची सवय तशी जुनीच. कामठीत १८६१ मध्ये जन्मलेले आणि १९२५ मध्ये वारलेले बाबा ताजुद्दीन यांना एके काळी इथल्याच वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं होतं. त्यांच्या तुटक बोलण्यातून काय सुचवलं असेल याचा कीस लोक काढत. ताजाबादला दर्ग्याबाहेर चपला काढून ठेवताना आजही कुणी ना कुणी म्हातारा तशी एखादी गोष्ट सांगतो. पण अवलियाच्या बोलण्याचा अर्थ लावणं वेगळं आणि कुरआनाचा लावणं वेगळं. अवलियाच्या शब्दावर कुणाचा वाटा ठरत नाही. कुरआनाच्या शब्दावर ठरतो.

मी आमच्या मोहल्ल्यातल्या एका वयस्कर मौलानांकडे गेलो. ते मदरशात अरबी शिकवून निवृत्त झाले होते. असरच्या नमाजनंतर मशिदीच्या ओट्यावर बसत. मी मामूंचं नाव न घेता प्रश्न विचारला. त्यांनी आधी मलाच विचारलं, "मूसांनी खरोखर चपला काढल्या होत्या की नाही?"

"काढल्या होत्या."

"बस. आता पुढे बोलू. हे आधी कबूल केलं नसतं तर बोलायला काही उरलं नसतं."

त्यांनी सूरह ताहाचा तो भाग काढला. मूसा अलैहिस्सलाम कुटुंबासह वाटेत आहेत, रात्रीची आग दिसते, निखारा मिळेल किंवा वाट सांगणारं कुणी भेटेल म्हणून ते एकटे तिकडे जातात. तिथे हाक येते: मी तुझा रब आहे, तुझ्या दोन्ही चपला काढ, तू तुवाच्या पवित्र खोऱ्यात उभा आहेस. ही बारावी आयत. आता नेहमीच्या तफसीरमध्ये, म्हणजे कुरआनाच्या भाष्यात, प्रश्न एवढाच असतो की चपला का काढायला लावल्या. इमाम तबरींनी, हजार-अकराशे वर्षांपूर्वी, आधीच्यांची दोन मतं नोंदवली. एक मत असं की त्या चपला मेलेल्या गाढवाच्या कातड्याच्या होत्या, म्हणून. दुसरं असं की पवित्र जमिनीचा स्पर्श तळपायांना व्हावा, म्हणून. तबरी दुसऱ्या मताकडे झुकतात, कारण कातडं नापाक होतं असं आयतीच्या शब्दांत काहीही नाही आणि पवित्र खोऱ्याचा उल्लेख मात्र शेजारीच आहे. मौलाना म्हणाले, "बघ, अजून सूफी आलेलेच नाहीत. साध्या अर्थातसुद्धा शब्द काय सोसतो हे आधी बघायचं असतं."

मग सूफी आले. इमाम गज़ाली, निधन ११११. त्यांच्या 'मिश्कातुल अन्वार' या छोट्या ग्रंथात ते चपलांवर येतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मूसांना या हुकमातून दोन्ही जग बाजूला ठेवायचं सुचलं, हे जग आणि ते जगही, म्हणजे जन्नतची आसदेखील. पण मूसांनी तो हुकूम दोन्ही ठिकाणी पाळला. पायांतून चपला काढल्या आणि मनातून दोन्ही जगं काढली. गज़ाली निक्षून सांगतात की चपला नव्हत्याच, काढल्याच नाहीत, सगळं नुसतं रूपक आहे, असं म्हणणं हा बातिनींचा मार्ग. बातिनी म्हणजे त्या काळी जे म्हणत की वरवरचा अर्थ साध्या लोकांसाठी असतो, खरा अर्थ आतला, आणि आतला हाती लागला की वरचा टाकून द्यायचा. दुसऱ्या टोकाला वरच्या अर्थाशिवाय काहीच नाही म्हणणारे. गज़ाली म्हणतात, दोन्ही धरणारा पुरा.

इथे दोन शब्द सांगायला हवेत, कारण दोन्ही मराठीत आहेत आणि दोन्ही आपल्याला फसवतात. वरचा अर्थ तो 'जाहिर'. आपण जाहीर सभा म्हणतो तोच शब्द, उघड्यावर असलेलं. आणि सूफींचा अर्थ तो 'इशारा'. मराठीत इशारा म्हटलं की धोक्याची सूचना डोळ्यांपुढे येते. अरबीत इशारा म्हणजे बोट दाखवणं, नुसतं सुचवणं. अशा भाष्याला 'तफसीरे इशारी' म्हणतात.

माझ्या डोक्यात दिवा लागला तो शाळेतल्या व्याकरणामुळे. शब्दशक्ती आपण सगळेच शिकलो आहोत: अभिधा, लक्षणा, व्यंजना. "बाबा ताटावर बसले" ही लक्षणा. इथे मूळ अर्थ टाकावाच लागतो, बाबा काही ताटावर चढून बसलेले नसतात. पण "सूर्य मावळला" ही व्यंजना. गुराख्याला वाटतं गुरं परत न्यायची वेळ झाली, दुकानदाराला वाटतं दिवा लावायचा, रोजेदाराला वाटतं इफ्तार. प्रत्येकाला वेगळं सुचलं, पण सूर्य खरोखर मावळला आहे. तो मावळला नसेल तर तिघांचंही चुकलं. इशारा हा व्यंजनेसारखा आहे. त्याला मूळ अर्थ जिवंत लागतो. बातिनी मंडळी आयतीची लक्षणा करत होती, गज़ाली व्यंजना.

हे मी मौलानांना सांगितलं. त्यांना 'व्यंजना' हा शब्द समजावून द्यावा लागला, पण सूर्याचं उदाहरण त्यांना इतकं पटलं की त्यांनी ते पुढे माझ्यादेखत दुसऱ्या एकाला ऐकवलं.

मग प्रश्न असा की कुणालाही काहीही सुचेल, त्याला आळा कसा घालायचा? उलमांनी त्याच्या अटी घातल्या आहेत. इब्न क़य्यिम, निधन १३५०, चार सांगतात. विसाव्या शतकातले अल-अझहरचे ज़ुरक़ानी पाच सांगतात. मौलानांनी ज़ुरक़ानींच्या पाच सांगितल्या आणि प्रत्येकीला चपलांची आयत लावून दाखवली.

पहिली, इशारा आयतीच्या उघड अर्थाला मोडणारा नसावा. मूसांनी चपला काढल्या, हे कायम. दुसरी, हाच खरा अर्थ आणि उघड अर्थ अभिप्रेतच नाही, असा दावा नसावा. तिसरी, अर्थ इतका ओढूनताणून काढलेला नसावा की भाषाच मोडेल. इथे आयतीत चपलांसाठी द्विवचन आहे, म्हणून दोन जगं सुचणं भाषेला जड जात नाही. चौथी, शरीअतशी आणि सरळ बुद्धीशी टक्कर नसावी. पाचवी, जे सुचलं त्याला शरीअतमध्ये दुसरीकडे आधार असावा. अल्लाहपुढे जगाची आस सोडणं हे इतरत्र आहे का? आहे. सूरह कहफच्या अठ्ठाविसाव्या आयतीत सकाळ-संध्याकाळ आपल्या रबला पुकारणाऱ्यांची ओळखच ही दिली आहे की त्यांना फक्त त्याची मर्जी हवी असते.

"आणि पाचही पुरल्या तरी काय?" मौलाना म्हणाले. "तरी तो अर्थ नाकारायचा नाही, एवढंच. मान्य करायलाच हवा असं कुणावर बंधन नाही. इशाऱ्यावरून कुणाला काही करायला भाग पाडता येत नाही."

हे वाक्य मी घरी जाताना दोनदा मनात म्हटलं.

तिसऱ्या अटीचं एक उदाहरण त्यांनी असं दिलं की ते मी विसरूच शकत नाही, कारण आयतुल कुर्सी आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असते. तिच्यात "मन जल्लजी यशफउ" असे शब्द येतात. अर्थ: कोण आहे असा, जो त्याच्या परवानगीशिवाय शिफारस करील? जुन्या काळी एकाने हे शब्द भलतीकडे तोडले. 'जल्ल' वेगळं केलं, म्हणजे नमवलं. 'जी' वेगळं, म्हणजे ही, ही नफ्स. 'यशफ' वेगळं, म्हणजे बरा होतो. शेवटी राहिलेल्या एका अक्षराचा अर्थ लावला, ध्यानात घे. झालं वाक्य: ज्याने आपल्या नफ्सला नमवलं तो बरा झाला, हे ध्यानात घे. किती छान! उपदेश म्हणून त्यात काही वावगं नाही. पण सिराजुद्दीन बुल्क़ीनी या मोठ्या विद्वानांना याबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी असं म्हणणाऱ्याला मुल्हिद, म्हणजे धर्माची वाट सोडलेला, ठरवलं. ही हकीगत सुयूतींच्या 'इत्क़ान'मध्ये आहे.

मला ते फारच कडक वाटलं. मौलाना म्हणाले, "तू मास्तर आहेस. पोराने 'आज मी माळ्यावर गेलो' यातलं 'माळ्यावर' तोडून 'मा' म्हणजे आई, 'ळ्यावर' म्हणजे आणखी काही, असा अर्थ लिहिला, तर तू किती मार्क देशील? पोराचा आईवरचा जीव बघून देशील?" शब्द तोडला की आयत तिथे राहतच नाही. शिफारशीबद्दलचं वाक्य नाहीसं होतं आणि त्या जागी सांगणाऱ्याचं वाक्य उभं राहतं. कुरआन स्वतःबद्दल सांगतो की तो स्पष्ट अरबी भाषेत आहे. भाषेची अट ही कुणा कडक मौलवीची हौस नव्हे, ती त्या सांगण्यातून आली आहे. अर्थ चांगला असणं पुरेसं नसतं, तो त्या शब्दांतून निघायला हवा.

याच्या उलट, इशारा उत्तम कसा असतो याचं सर्वांत जुनं उदाहरण सूफींच्या कितीतरी आधीचं, सहाबांच्या काळातलं आहे आणि बुखारीत आहे. हज़रत उमर तरुण इब्न अब्बासना बद्रच्या बुजुर्गांच्या बैठकीत बसवत. काहींना ते खटकलं, आमचीही एवढी पोरं आहेत म्हणाले. मग एक दिवस उमरनी सर्वांना सूरह नस्रचा अर्थ विचारला. ही तीन आयतींची सूरह. अल्लाहची मदत आणि विजय आला, लोक झुंडीने दीनमध्ये येताना दिसले, की रबची स्तुती कर आणि माफी माग. काही जण म्हणाले, विजय मिळाल्यावर स्तुती करावी आणि माफी मागावी हा हुकूम आहे. काही गप्प राहिले. इब्न अब्बास म्हणाले, ही पैगंबरांच्या (स.) जाण्याची वेळ जवळ आल्याची खूण आहे. उमर म्हणाले, मलाही हेच ठाऊक आहे.

आता अटी लावून बघा. स्तुती करा, माफी मागा हा हुकूम जागच्या जागी आहे. बुजुर्ग चूक ठरत नाहीत. कुठलाही शब्द तोडलेला नाही. आणि सुचलेल्या अर्थाचा दुवा आयतीतच आहे: ज्या कामासाठी पाठवलं ते काम पुरं झालं, तर पाठवलेल्याला परत बोलावणार. इब्न क़य्यिम हाच दुवा अट म्हणून मागतात. इब्न अब्बासना जे सुचलं ते आयतीच्या बाहेरून आणलेलं नव्हतं, आयत पुढे चालवल्यावर जिथे पोचते तिथे ते उभे होते.

तरीही उलमांची धाकधूक संपली नाही. सुलमी नावाच्या नेशापूरच्या सूफींनी, निधन १०२१, असे अर्थ एका मोठ्या तफसीरमध्ये गोळा केले. वाहिदी नावाच्या मुफस्सिरने म्हटलं की हे तफसीर आहे असं सुलमी मानत असतील, तर ते कुफ्र झालं. दमास्कसचे इब्न सलाह, निधन १२४५, यांना याबद्दल विचारलं गेलं. त्यांचं उत्तर मला फार समंजस वाटतं. ते म्हणाले, भरवशाच्या सूफीबद्दल मी असंच धरून चालतो की त्याने हे तफसीर म्हणून सांगितलं नाही. कुरआनात जे आलं, त्याच्यासारखीच दुसरी गोष्ट त्याला आठवली आणि ती त्याने सांगितली. उदाहरणार्थ, जवळच्या शत्रूशी लढा अशी आयत ऐकून तो म्हणतो, माझ्या सर्वांत जवळची शत्रू माझी नफ्स. पण पुढे इब्न सलाह असंही म्हणतात की एवढी ढिलाई त्यांनी केली नसती तर बरं झालं असतं, कारण ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो.

त्या ओट्यावर बसून मी विचार करत होतो की आमच्या बैठकीत झालं ते हेच. गोंधळ ऐकणाऱ्याचा झाला. ऐकणारा मी होतो.

मौलानांच्या कपाटात मौलाना अशरफ अली थानवींची 'बयानुल कुरआन' होती. त्यांनी ती उघडून मला पान दाखवलं. आयतीचा अर्थ आणि तफसीर एका जागी, आणि सुलूकचे, म्हणजे सूफी वाटेचे मुद्दे वेगळ्या मथळ्याखाली. थानवी स्वतः सूफी होते, मुरीद करत. पण पानावर दोन्ही गोष्टींची सरमिसळ त्यांनी होऊ दिली नाही. वाचणाऱ्याला कळतं की इथपर्यंत आयतीने सांगितलं आणि इथून पुढे आयतीवरून सुचलं. इब्न सलाहना हवी असलेली खबरदारी ती हीच असावी.

सगळ्यात उकल झाली ती शाह वलीउल्लाहंच्या एका दाखल्याने. दिल्लीचे हे विद्वान अठराव्या शतकातले. 'अल-फौज़ुल कबीर' या तफसीरच्या नियमांवरच्या पुस्तकात ते म्हणतात की सूफींचे इशारे हे खरं तर तफसीरमध्ये मोडतच नाहीत. लैला-मजनूची गोष्ट ऐकताना एखाद्या आशिकाला आपली प्रेयसी आठवावी, तसं कुरआन ऐकताना साधकाच्या मनात काही उमटतं. गोष्ट लैलाचीच आहे. आठवण त्याची आहे.

मी म्हणालो, "म्हणजे आठवण ज्याची त्यालाच."

"हो. माझ्या आठवणीचं बिल तुझ्या नावावर कसं फाडणार?"

तेव्हा मी त्यांना मामूंची गोष्ट सांगितली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, अर्थ बिघडलेला नव्हता. चपला म्हणजे दुनियेचा मोह, हे पाचही अटींतून पार होतं. बिघडलं ते त्या अर्थाला जे काम लावलं ते. त्या इशाऱ्याने दुसऱ्या एका आयतीचा जाहिर हुकूम पुसायचा होता, आणि तो हुकूमही कसा? सूरह निसाची सातवी आयत सांगते की मागे राहिलेलं थोडं असो वा जास्त, बायकांचा त्यात वाटा आहे आणि तो ठरवून दिलेला आहे. 'पडक्या घरात काय ठेवलंय' याचं उत्तर त्या 'थोडं असो' मध्येच आहे. चौथी अट तिथे मोडली. आणि मूसांना चपला काढायला सांगितल्यावर दोनच आयतींनी पुढे काय आहे? नमाज क़ायम कर. मनातून दोन्ही जगं काढलेल्यालासुद्धा हुकमातून सुटका नाही, उलट तिथेच हुकूम मिळाला आहे.

त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, जी मी, रोज पोरांना वचन आणि पुरुष शिकवणारा, बघायला विसरलो होतो. 'काढ' हे एकवचनी आहे. 'तुझ्या चपला' म्हटलं आहे. ती आज्ञा समोर उभ्या असलेल्या एका माणसाला आहे. त्या आयतीवरून दुसऱ्याच्या पायांकडे बोट दाखवायला जागाच नाही. अम्मीला अरबी येत नाही. तिने ते वचन कुठून हेरलं, मला कळत नाही.

तेव्हापासून मी एक ताळा करून बघतो. तो कुठल्या ग्रंथातला नाही, माझा आहे, म्हणून तेवढ्याच भावाने घ्या. कुणी आयतीचा आतला अर्थ सांगू लागला की मी बघतो, त्या अर्थाने ओझं कुणावर पडलं आणि हलकं कोण झालं. गज़ालींच्या मूसांनी चपला काढल्याच, वर दोन जगंही काढली, ओझं वाढलं ते त्यांचं स्वतःचं. मामूंच्या इशाऱ्याने मामूंचे दोन भाग चार झाले असते आणि मोह सुटला असता दोन बहिणींचा. कुणी म्हणतं, खरी नमाज दिलाची, म्हणून आता पाच वेळची नको. कुणी म्हणतं, खरा रोजा जिभेचा, म्हणून पोटाचा नको. जीभ आवरायला हवीच, पण त्या 'म्हणून'पाशी थांबून विचारायला हवं. इशारा 'शिवाय' म्हणतो. 'ऐवजी' म्हणाला की तो इशारा राहिला नाही.

घराचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. खालाच्या मुलाने मधे पडून वाटणी करवली, कागदपत्रांना दीड वर्ष गेलं, शेवटी चार भाग झाले. मामू त्यांच्या बाबांकडे अजून जातात. चपलांचा विषय आमच्या घरात कुणी काढत नाही. मी अम्मीची माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, "तुला बोलणं आवडलं होतं, मला ठाऊक आहे. मलाही आवडलं होतं."

पुढल्या वर्षी मामूंच्या मुलीचं लग्न निघालं. अम्मीने आपल्या चौथ्या भागातून बरीचशी रक्कम काढून दिली. मी म्हणालो, शेवटी त्यांच्याकडेच गेलं, मग एवढा वाद कशाला? ती भाजी निवडत होती. म्हणाली, "आधी माझ्या पायांत तर येऊ दे. मग काढीन."